साठ लाखांच्या अंदाजपत्रकातले साठ हजार

"आवो, साठ लाख आलंय म्हणं पंचायतीला. मग आमच्या आळीतल्या गटाराला पैसं न्हाईत, आसं कसं व्हतंय?"

ग्रामसभेत एका मावशींनी हा प्रश्न विचारला. व्यासपीठावरून उत्तर आलं, "मावशी, निधी शिल्लक नाही." सभा पुढच्या विषयाला गेली. मावशी खाली बसल्या, पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की कुणीतरी आपल्याला फसवतंय असं त्यांना वाटतंय. मला मात्र दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या. अंदाजपत्रकात साठ लाख होते. गटाराला पैसे नव्हते, हेही खरं होतं. या दोन्हींच्या मधलं अंतर कागदावरच लिहिलेलं असतं, फक्त ते वाचायची सवय आपल्याला नाही. तो कागद कसा वाचायचा, एवढंच इथे सांगणार आहे.

त्यासाठी मावशींच्या गावाच्या जागी एक गाव मांडू. पलूस-तासगाव पट्ट्यात दिसतं तसं मध्यम गाव, सातशेच्या आसपास घरं. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी ठरवलेले आहेत, कुठल्याही खऱ्या गावाचे नाहीत. वर्ष 2025-26 धरू.

कागद कुठला मागायचा, ते आधी. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुने क्रमांकाने ओळखतात. अंदाजपत्रक म्हणजे नमुना 1. वर्ष संपल्यावर प्रत्यक्षात काय जमा झालं आणि काय खर्ची पडलं, ते नमुना 3 मध्ये येतं. कुठल्या घराला किती कर बसवला, त्याची नोंद नमुना 8, आणि त्यातली किती मागणी होती व किती वसूल झाली, त्याची नोंद नमुना 9. तुमच्या घरात घरपट्टीची जी पावती असते ती नमुना 10. भाऊसाहेबांकडे (म्हणजे ग्रामसेवक, आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय) "बजेट दाखवा" म्हटलं की बरेचदा एक पानाचा गोषवारा हाती येतो. "नमुना 1 आणि गेल्या वर्षाचा नमुना 3 बघायचाय" असं म्हटलं की पुरा कागद येतो. हे दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय काही कळत नाही. एकात इच्छा असते, दुसऱ्यात घडलेलं असतं.

आपल्या गावाच्या नमुना 1 मध्ये जमेची बाजू साधारण अशी आहे:

आरंभीची शिल्लक – 8,00,000
घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर – 9,80,000
पाणीपट्टी – 7,20,000
गाळेभाडं, बाजार फी, दाखले फी – 1,50,000
मुद्रांक शुल्क व जमीन महसूल अनुदान – 3,00,000
पंधरावा वित्त आयोग – 15,00,000
जिल्हा परिषद व 2515 ची कामं – 15,50,000
एकूण – 60,00,000

हेच ते साठ लाख. आता खालून वर येऊ, कारण खालच्या ओळी सगळ्यात मोठ्या आणि गावाच्या हातात सगळ्यात कमी.

2515 हे राज्याच्या ग्रामविकास खात्याचं लेखाशीर्ष. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांच्या कामांसाठी त्यातून पैसे येतात, म्हणून गावात लोक नुसतं "पंचवीस पंधरातनं रस्ता झाला" असं म्हणतात. हे पैसे येतात ते कामाचं नाव घेऊनच. अमुक वस्ती ते तमुक वस्ती रस्ता, म्हणजे तोच रस्ता. ग्रामसभेने ठराव केला तरी त्या पैशातून गटार होत नाही. शिवाय अंदाजपत्रक करताना यातली बरीच कामं मंजूर झालेली नसतात, मागणी केलेली असते. आली तर आली. त्यामुळे साठ लाखांतले साडेपंधरा लाख बाजूला काढा. त्यांच्याबद्दल विचारायचा प्रश्न वेगळा आहे: काम मंजूर आहे का, आदेश दाखवा.

वित्त आयोगाचे पंधरा लाख गावाच्या खात्यात येतात, पण त्यांनाही अटी आहेत. पंधराव्या आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या काळात या पैशाचे दोन भाग आहेत. 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित. बंधित पैशातला निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. आपल्या गावात म्हणजे 9 लाख बंधित, त्यात साडेचार लाख पाण्याचे आणि साडेचार लाख स्वच्छतेचे. उरलेले 6 लाख अबंधित. ते गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येतात, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. आणि बंधित असो वा अबंधित, काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात असल्याशिवाय एक रुपया निघत नाही. हा आराखडा egramswaraj.gov.in वर कुणालाही बघता येतो. राज्य, जिल्हा, तालुका निवडत गेलं की आपलं गाव येतं.

स्वच्छतेचे साडेचार लाख लक्षात ठेवा. मावशींच्या गटारापाशी पुन्हा तिथेच यायचंय.

आता वरच्या ओळी. इथे खरं गाव दिसतं, आणि घोळही इथेच होतो.

घरपट्टीसमोर 9 लाख 80 हजार लिहिलंय. हा आकडा आला कुठून? नमुना 9 उघडला की कळतं. चालू वर्षाची मागणी 5 लाख 60 हजार आणि मागची थकबाकी 4 लाख 20 हजार. बेरीज 9 लाख 80 हजार. म्हणजे यंदा गावातला प्रत्येक माणूस यंदाचा कर भरेल आणि मागची सगळी बाकीही भरेल, असं धरलंय. आता गेल्या वर्षाचा नमुना 3 बघा. गेल्या वर्षी मागणी होती 8 लाख 30 हजार, त्यात जुनी बाकी 2 लाख 90 हजार आणि चालू 5 लाख 40 हजार. जमा झाले 4 लाख 10 हजार. निम्म्याहून थोडे कमी. मग यंदा दुपटीहून जास्त कसे येतील?

यात नेहमी लबाडी असते असं मी म्हणणार नाही. मागणी पूर्ण दाखवणं दप्तराच्या दृष्टीने बरोबरच आहे, कारण बाकी सोडून देता येत नाही. चूक होते ती मागणीचा आकडा तसाच उचलून अपेक्षित जमा म्हणून लिहिल्यावर. थकबाकीतली काही रक्कम तर कधीच यायची नाही, आणि त्याची कारणं आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहेत. जावळी, पाटणला जा, निम्मी आळी मुंबईत आणि दाराला कुलूप. खानापूर, आटपाडीला जा, घरमालक गलाईच्या धंद्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला. कृष्णाकाठच्या गावांत 2019 आणि 2021 च्या पुरात भिंती पडल्या, पण नमुना 8 मध्ये घर उभंच आहे आणि त्यावर दरसाल कर चढतोय. भावाभावांच्या वाटणीत एकाच घराच्या दोन नोंदी झाल्या तर दोन्हीवर मागणी निघते आणि दोघंही भरत नाहीत. ही थकबाकी आळसाची नाही, नोंदी दुरुस्त न केल्याची आहे. म्हणून नमुना 9 मधली सगळ्यात मोठी वीस बाकीदार नावं वाचली तरी बरंच कळतं. त्यातली किती घरं खरंच उभी आहेत, किती बंद आहेत आणि किती जणांनी नुसतं भरलेलं नाही, हे गावातल्या माणसाइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

वसुलीची वेळही बघण्यासारखी असते. ऊसपट्ट्यात बिलं जमा झाली की मार्चअखेरची मोहीम जोर धरते. वर्षभर खातं कोरडं आणि शेवटच्या दोन महिन्यांत भर, असं झालं की खर्चही मार्चमध्येच कोंबला जातो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निघालेली बिलं मी नेहमी जास्त लक्ष देऊन वाचतो.

तर आपण घरपट्टी किती धरायची? मी गेल्या वर्षीच्या प्रत्यक्ष आकड्यापासून सुरुवात करतो आणि नवीन घरांमुळे, थोड्या जोरामुळे थोडी वाढ धरतो. आपल्या गावात 4 लाख 10 हजार जमा झाले होते, तर साडेचार लाख धरू. 9 लाख 80 हजारांचे साडेचार लाख झाले. एका ओळीत सव्वापाच लाखांच्या वर रक्कम हवेत होती.

पुढची ओळ मी मोजून तपासतो. गाळेभाडं, बाजार फी, दाखले मिळून दीड लाख. गाळे तर डोळ्यांसमोर आहेत. एसटी थांब्याजवळ सहा गाळे, महिना दीड हजार भाडं, म्हणजे वर्षाला 1 लाख 8 हजार. त्यात आठवडा बाजाराची आणि दाखल्यांची फी मिळवली की दीड लाख जुळतात. जिथे गाळे दहा आणि भाड्याचा आकडा चाराचाच निघतो, तिथे करारनामे मागावेत. कुणाच्या नावावर गाळा आहे, करार कधी संपला, भाडं शेवटचं कधी वाढलं. ही ओळ लहान असते, पण तिच्यातलं उत्तर गावातल्या गावात तपासता येतं.

मुद्रांक शुल्काची ओळ गावाच्या हातात नसते. जिल्हा परिषद हद्दीत जमिनीचं खरेदीखत झालं की मुद्रांक शुल्कावर अधिभार बसतो आणि त्यातला वाटा ग्रामपंचायतीला येतो. साताऱ्याच्या किंवा ईश्वरपूरच्या, म्हणजे आधीच्या इस्लामपूरच्या, लगतच्या गावांत, जिथे प्लॉट पडतात, तिथे ही ओळ जाडजूड असते. आतल्या गावांत बारीक. पैसे कधी येतील याचा नेम नसतो, तरी आपण तीन लाख तसेच ठेवू.

पाणीपट्टीचा हिशेब स्वतंत्र ठेवायचा असतो, म्हणून तिला वेगळी पिशवी समजा. सहाशे नळ, महिना शंभर रुपये, वर्षाला 7 लाख 20 हजार. पुन्हा तेच, सगळ्यांनी भरले तर. गेल्या वर्षी जमा झाले 4 लाख 30 हजार. खर्चाच्या बाजूला पाणीपुरवठ्याचं वीजबिल, पाणी सोडणाऱ्याचा पगार, टीसीएल पावडर, मोटार जळली की रिवाइंडिंग, हे सगळं मिळून 7 लाख 80 हजार. हा खर्च टाळता येत नाही. वीज तोडली की गाव दुसऱ्या दिवशी घागरी घेऊन पंचायतीवर येतं. म्हणजे खरोखरची तूट साडेतीन लाखांची, आणि ती भरून निघते घरपट्टीच्या पिशवीतून.

माझ्या मते गावाच्या अंदाजपत्रकातली ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी वाचली जाणारी गोष्ट आहे. पाणीपट्टी वाढवायचा विषय निघाला की सभेत आरडाओरड होते आणि विषय बाजूला पडतो. पण तूट नाहीशी होत नाही. ती दिवाबत्तीच्या, गटाराच्या, वाचनालयाच्या पैशातून गुपचूप वळती होते. दर शंभरावरून वाढवावा की नाही, यावर गावाने जरूर भांडावं. फक्त भांडताना या साडेतीन लाखांचा आकडा समोर हवा.

आता खर्चाकडे वळू. गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातून तीन वाटे आधी बाजूला काढायचे असतात. मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला व बालकल्याणासाठी 10 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के. मिळून 30 टक्के. खरी घरपट्टी साडेचार लाख आणि इतर फी दीड लाख मिळून सहा लाख धरले, तर हे वाटे अनुक्रमे 90 हजार, 60 हजार आणि 30 हजार, एकूण 1 लाख 80 हजार. यातल्या मागासवर्गीय आणि महिला व बालकल्याणाच्या वाट्यांचा मासिक खर्च नमुना 28 मध्ये लिहितात. इथे दोन गोष्टी बघायच्या. एक, पैसे खरंच खर्च झाले का. बऱ्याच गावांत वाटा कागदावर काढतात आणि वर्षअखेर तो "शिल्लक" म्हणून पुढे ढकलतात. दोन-तीन वर्षं साठलेली ही रक्कम मागितली की मिळू शकते, कारण ती दुसरीकडे वापरता येत नाही. दोन, खर्च कशावर दाखवलाय. मागासवर्गीय वस्तीच्या 15 टक्क्यांतून सगळ्या गावाचे दिवे बसवले असतील, तर त्या वस्तीचा वाटा गेला कुठे, असं विचारायचा हक्क त्या वस्तीला आहे. माझ्या ओळखीच्या एका दिव्यांग तरुणाने आपल्या गावात फक्त दिव्यांगांच्या 5 टक्के खर्चाच्या नोंदींची तीन वर्षांची प्रत मागितली होती. पुढच्या मासिक सभेत त्याच्यासह गावातल्या सगळ्या दिव्यांगांच्या नावे रक्कम वाटायचा ठराव झाला.

मग येते आस्थापना. शिपाई, लिपिक, सफाई कामगार. कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग शासन देतं, उरलेला ग्रामपंचायतीने द्यायचा. त्यात भविष्य निर्वाह निधी, कागद, छपाई, इंटरनेट हे आलंच. आपल्या गावात याला 3 लाख 10 हजार लागतात.

आता बेरीज-वजाबाकी करू. घरपट्टी साडेचार, फी दीड, मुद्रांक व महसूल तीन. एकूण 9 लाख. त्यातून राखीव वाटे 1 लाख 80 हजार गेले, राहिले 7 लाख 20 हजार. पाण्याची तूट साडेतीन लाख गेली, राहिले 3 लाख 70 हजार. आस्थापनेचे 3 लाख 10 हजार गेले. हातात उरले 60 हजार.

साठ लाखांच्या अंदाजपत्रकात गावाला मोकळेपणाने ठरवता येतील असे यंदाच्या उत्पन्नातले स्वतःचे पैसे साठ हजार. अबंधितचे सहा लाख आहेत, पण ते आराखड्यातल्या कामांना आधीच वाटले गेलेत.

हाच हिशेब कागदावरचे आकडे धरून केला तर काय दिसतं, तेही बघा. घरपट्टी 9 लाख 80 हजार, फी दीड, अनुदान तीन, म्हणजे 14 लाख 30 हजार. राखीव वाटे 3 लाख 39 हजार. पाणीपट्टी पूर्ण आली असं धरल्यावर तूट फक्त 60 हजार. आस्थापना तीच. उरतात 7 लाख 21 हजार. म्हणून अंदाजपत्रकात "गावनिधीतून अंतर्गत गटार बांधणे, 3 लाख" अशी ओळ बिनधास्त लिहिता आली. ती लिहिली तेव्हा कुणी खोटं बोलत नव्हतं. कागदावर पैसे होते. मार्चमध्ये खातं उघडलं तेव्हा नव्हते.

मावशींचं गटार इथे अडकलं होतं.

खर्चाच्या बाजूला आणखी काही खुणा असतात. प्रत्येक खर्चाच्या ओळीसमोर गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष, चालू वर्षाचा सुधारित आणि पुढच्या वर्षीचा अंदाज असे आकडे असायला हवेत. तिन्ही ठिकाणी तोच गोल आकडा असेल, पन्नास हजार, पन्नास हजार, पन्नास हजार, तर ती ओळ कुणी विचार करून लिहिलेली नाही. "इतर" आणि "किरकोळ" या शीर्षांचा आकडा दिवाबत्तीपेक्षा मोठा असेल, तर त्यांची प्रमाणकं, म्हणजे खर्चाची बिलं आणि पावत्या, बघावीत. एका शीर्षातले पैसे दुसऱ्याकडे वळवायचे असतील तर पुनर्विनियोजन करावं लागतं, त्यासाठी नमुना 2 आहे आणि पंचायतीचा ठराव लागतो. ठराव नसताना नमुना 3 मध्ये एखाद्या शीर्षावर अंदाजापेक्षा खूप जास्त खर्च दिसला, तर ठरावाचा क्रमांक विचारायचा.

एकच काम दोन ठिकाणी दिसतं का, हेही ताडून पाहावं. मंदिरासमोरचं पेव्हिंग ब्लॉकचं काम 2515 मध्येही आणि अबंधितमध्येही असेल, तर ती दोन टप्प्यांची खरी दोन कामं असू शकतात किंवा एकच काम दोनदा लिहिलेलं असू शकतं. उत्तर मोजमाप पुस्तिकेत असतं. किती मीटर लांबी, किती रुंदी, कुठून कुठपर्यंत, ते तिथे लिहिलेलं असतं. टेप घेऊन जाऊन मोजता येतं, आणि दोन शेजाऱ्यांनी मिळून मोजलं तर वादही होत नाही.

आणि आता जमेची पहिली ओळ, जी मी मुद्दाम शेवटी ठेवली. आरंभीची शिल्लक आठ लाख. बहुतेक जण ती वाचून पुढे जातात. तिच्याबद्दल दोन प्रश्न आहेत. पहिला सरळ आहे: गेल्या वर्षाच्या नमुना 3 मधली अखेरची शिल्लक आणि यंदाची आरंभीची शिल्लक एकच आहे का? एक रुपयाचाही फरक असता कामा नये, कारण 31 मार्चच्या रात्रीतून पैसे वाढत नाहीत आणि कमी होत नाहीत. बँकेच्या पासबुकाशीही ती जुळायला हवी, फरक असेल तर न वटलेल्या धनादेशांची यादी हवी.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: ही शिल्लक कुठल्या पिशवीतली? आपल्या गावात आठ लाखांपैकी साडेसहा लाख वित्त आयोगाच्या बंधित निधीचे होते. मागच्या दोन वर्षांत आले, खर्च झाले नाहीत. त्यातले 4 लाख 10 हजार स्वच्छतेचे, बाकीचे पाण्याचे. म्हणजे ज्या सभेत "निधी शिल्लक नाही" असं सांगितलं गेलं, त्याच कागदाच्या पहिल्या ओळीत स्वच्छतेचे चार लाखांहून जास्त पैसे पडून होते, आणि यंदाचे साडेचार लाख अजून यायचे होते.

पैसे पडून का राहतात, तर बंधित निधीतून काम करायला धाडस कमी आणि कागद जास्त लागतात. अट न पाळता काम केलं की लेखापरीक्षणात आक्षेप येतो, म्हणून भाऊसाहेबही जरा हात आखडता घेतात. स्वच्छतेच्या निधीतून नुसतं "गटार बांधणे" असं लिहून भागत नाही. सांडपाणी कुठे जाणार, हे दाखवावं लागतं. घरातलं सांडपाणी बंदिस्त गटारातून नेऊन शेवटी सार्वजनिक शोषखड्ड्यात किंवा प्रक्रियेला सोडायचं, असं सांडपाणी व्यवस्थापनाचं काम म्हणून ते मांडलं की ते स्वच्छतेच्या हेतूत बसतं. ओढ्यात मोकळं सोडून दिलेलं गटार असेल तर कुणी विचारलं की अडचण होते. काळ्या जमिनीत शोषखड्डा लवकर तुंबतो, तिथे अभियंत्याकडून वेगळा उपाय घ्यावा लागतो आणि खर्च वाढतो, ही मर्यादाही ध्यानात ठेवावी.

नगरपालिकेचं अंदाजपत्रक याच नजरेने वाचता येतं, फक्त ते जाड असतं. सातारा, कराड, वाई, विटा किंवा सांगली-मिरज-कुपवाड महापालिका, कुठलंही घ्या, तिथे महसुली आणि भांडवली असे दोन मोठे भाग दिसतील. महसुली म्हणजे रोजचा संसार, भांडवली म्हणजे घर बांधणं. जकात आणि पुढे महापालिकांतला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, गेल्यावर शासनाकडून येणारं भरपाईचं अनुदान हा तिथला मोठा आधार, त्यामुळे मालमत्ता कराची वसुली ढिली असली तरी पगार निघतात आणि ढिलाई लवकर डोळ्यांत येत नाही. आणखी एक भाग असतो, असाधारण जमा-खर्च. ठेकेदारांच्या अनामत रकमा, कर्मचाऱ्यांच्या कपाती, असे येऊन-जाऊन असणारे पैसे त्यात असतात. वर्तमानपत्रात "इतक्या कोटींचं अंदाजपत्रक" असा मथळा येतो तेव्हा हा भाग बऱ्याचदा बेरजेत धरलेला असतो. शहराचा खरा आकडा हवा असेल तर तो वजा करून बघावा.

कागद मिळवायचा कसा, हे थोडक्यात. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचे हिशेब, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणाची टिप्पणी ठेवावी लागते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातच तसं आहे. तिथे हातात प्रत मागायची, वाचून दाखवलेलं डोक्यात राहत नाही. एरवी साध्या अर्जावर बघायला मिळालं तर उत्तम. नाहीच मिळालं तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज, पानाला दोन रुपये आणि तीस दिवसांची मुदत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्क नाही. अर्जात "सर्व कागदपत्रं" असं कधी लिहू नये. "सन 2024-25 चा नमुना 3 आणि सन 2025-26 चा नमुना 1" असं नेमकं लिहिलं की टाळायला जागा राहत नाही.

मावशींना मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओसरीवर हा सगळा हिशेब वहीच्या पानावर मांडून दाखवला. पाण्याची तूट त्यांना पटकन कळली, बचत गटाचं खातं त्याच बघतात. शिल्लकेच्या ओळीवर मात्र त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. पुढच्या ग्रामसभेत त्यांनी "निधी का नाही" असं विचारलं नाही. त्यांनी लिहून आणलेला अर्ज वाचला: "वित्त आयोगाच्या बंधित निधीत स्वच्छतेची किती रक्कम अखर्चित आहे ते सभेला सांगावं, आणि आमच्या आळीचं सांडपाणी व्यवस्थापनाचं काम शोषखड्ड्यासह आराखड्यात घ्यावं." भाऊसाहेबांनी रोकडवही उघडून आकडा सांगितला. सरपंचांनी विचारलं, "शोषखड्ड्याला जागा कुठाय?" मागच्या रांगेतून एक जण उठला, "शाळंच्या मागली गायरानाची कड हाय की." अभियंत्याने येऊन जागा बघायची आणि अंदाज करायचा, असा ठराव झाला, आणि त्याचा क्रमांक मावशींनी तिथल्या तिथे आपल्या वहीत लिहून घेतला.